उघडझाप करणारा पिवळा दिवा कुठल्या धड्यातला?

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या माणसाला भारतातल्या लायसन्सवर तिथे बाराच महिने गाडी चालवता येते. त्यानंतर तिथलं लायसन्स नव्याने काढावं लागतं, आणि रस्त्यावरच्या परीक्षेआधी थिअरी टेस्ट पास व्हावी लागते. 57 मिनिटांत 50 प्रश्न असतात, त्यांतले 43 बरोबर यावे लागतात. व्हिडिओ पाहून धोका ओळखण्याची चाचणी त्याला जोडूनच असते, आणि दोन्हींत पास व्हावं लागतं.

सरावाच्या पुस्तकांत प्रश्न विषयवार लावलेले असतात: पादचारी आणि सायकलस्वार, इतर वाहनं, मोटरवे, चिन्हं. साहजिकच आपण एक धडा घेतो, त्याचे सगळे प्रश्न सोडवतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. धडा संपता संपता जवळजवळ सगळी उत्तरं बरोबर येऊ लागतात. खरी अडचण इथेच आहे, कारण त्यातलं निम्मं काम धड्याच्या नावाने केलेलं असतं.

पिवळ्या दिव्याचंच पाहा. पेलिकन क्रॉसिंगवर, म्हणजे पादचाऱ्यांनी बटण दाबून गाड्या थांबवायच्या जागी, लाल दिव्यानंतर पिवळा दिवा उघडझाप करू लागतो. कोणी अजून रस्ता ओलांडत असेल तर त्याला जाऊ द्यायचं, कोणी नसेल तर पुढे निघायचं. पफिन क्रॉसिंग दिसायला साधारण तसंच असतं. पण पादचारी पलीकडे गेले की नाही हे तिथे सेन्सर पाहतो, म्हणून उघडझाप करणारा पिवळा दिवा तिथे नसतोच. तोच दिवा एखाद्या वाहनाच्या टपावर असेल, तर ते वाहन हळू चालणारं आहे. शाळेच्या इशाऱ्याच्या पाटीखाली असेल, तर पुढे मुलं रस्ता ओलांडत असतील. टपावर हिरवा दिवा असेल तर आत तातडीने निघालेला डॉक्टर असतो. रेल्वे फाटकावर लाल दिव्यांची जोडी आळीपाळीने लागू लागली, की थांबायलाच हवं.

पुस्तकात हे दिवे वेगवेगळ्या धड्यांत विखुरलेले असतात. ‘इतर वाहनं’ या धड्यात पिवळ्या दिव्याचा प्रश्न आला, की तो गाडीवरचाच असणार हे वाचण्याआधीच ठाऊक असतं. परीक्षेत मात्र प्रश्नावर धड्याचं नाव नसतं. दिवा कुठे आहे, कुठल्या रंगाचा आहे आणि म्हणून कुठला नियम लावायचा, हे आधी ठरवावं लागतं. धडावार सरावात नेमकी हीच पायरी कधी घोटली जात नाही.

डग रोहरर आणि केली टेलर या संशोधकांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हे स्पष्ट दिसलं. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चार घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं होतं. एका गटाने एकेका आकृतीची गणितं सलग सोडवली, दुसऱ्याने चारही मिसळून. सरावाच्या वेळी सलगवाल्यांची 89 टक्के उत्तरं बरोबर आली, मिसळवाल्यांची 60. आठवड्याने परीक्षा घेतली, तेव्हा सलगवाले 20 टक्क्यांवर घसरले आणि मिसळवाले 63 वर टिकले. मला यातला पहिला भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. मिसळलेला सराव करताना गुण कमी पडतात, आपलं काही जमत नाही असं वाटतं, आणि म्हणूनच लोक तो अर्ध्यात सोडतात.

करायचं असं. नवा धडा एकदा नीट वाचून त्याचे सात-आठ प्रश्न सलग सोडवावेत, कारण नियमच माहीत नसेल तर मिसळून नुसता गोंधळ होतो. त्यानंतर रोजच्या बैठकीत चार-पाच धड्यांतले मिळून पंचवीसेक प्रश्न घ्यावेत, एकाच धड्याचे दोन लागोपाठ येऊ देऊ नयेत. पर्याय झाकून आधी स्वतःशी म्हणावं: हा प्रश्न कशाबद्दल आहे, कुठला नियम लागतो? चूक झाली तर उत्तर नुसतं पाहून पुढे जाऊ नये. कुठल्या दुसऱ्या नियमाशी गल्लत झाली ते लिहावं, आणि त्या दोन नियमांचे प्रश्न दोन-तीन दिवसांनी पुन्हा एकाच बैठकीत घ्यावेत.

प्रगती मोजायची ती कधीही न पाहिलेल्या प्रश्नांवर. तीच सराव-परीक्षा पुन्हा पुन्हा दिली तर प्रश्नाचा चेहरा पाठ होतो, आणि प्रत्यक्ष परीक्षेतले प्रश्न तर आधी प्रसिद्ध केलेलेच नसतात.

सगळं मिसळून साधत नाही, हेही खरं. ताशी 30 मैलांवर गाडी थांबायला 23 मीटर लागतात, 50 वर 53, 70 वर 96, हे आकडे पाठच करावे लागतात. तिथे काही दिवसांच्या अंतराने केलेली उजळणी कामी येते. पण ओल्या रस्त्यावर हे अंतर निदान दुप्पट धरायचं आणि पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांऐवजी किमान चार सेकंदांचं अंतर ठेवायचं, हे दोन नियम सहज एकमेकांत मिसळतात. त्यांचे प्रश्न शेजारी शेजारी सोडवावेत.