पुणे कुणाच्या गटात?

मुंबईहून पुण्याला निघालेली गाडी सीएसएमटी सोडल्यावर ढोबळमानाने दादर ९, ठाणे ३४, कल्याण ५४, कर्जत १००, लोणावळा १२८ आणि पुणे १९२ किलोमीटरवर गाठते. या सात स्थानकांचे फक्त अंतर बघून गट पाडायचे म्हटले, तर क्लस्टरिंगच्या दोन पद्धती दोन वेगळी उत्तरे देतात.

श्रेणीबद्ध पद्धत सुरुवातीला प्रत्येक स्थानक वेगळे धरते आणि दर वेळी सर्वांत जवळचे दोन गट जोडत जाते. सीएसएमटी-दादर ९ वर जुळतात, ठाणे-कल्याण २० वर. या दोन जोड्या २५ वर एक होतात, कारण दादर-ठाणे अंतर तेवढे आहे. कर्जत-लोणावळा २८ वर, मग ते मुंबईकडच्या गटाला ४६ वर आणि सर्वांत शेवटी, ६४ वर, पुणे.

हाच जमाखर्च चित्रात मांडला की डेंड्रोग्राम होतो. खाली स्थानकांची नावे, वर जाणाऱ्या उभ्या रेघा आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे. दांडा किती उंचीवर आहे तेवढेच वाचायचे. ती उंची म्हणजे जोडणीचे अंतर. नवखा वाचक हमखास फसतो तो शेजारात. पुण्याचे नाव सीएसएमटीला खेटून छापले तरी चित्र चूक नसते, कारण कोणत्याही दांड्याखालच्या दोन फांद्यांची अदलाबदल करता येते. गट हवे असतील तर ३५ च्या उंचीवर पट्टी आडवी ठेवावी. ती तीन उभ्या रेघा छेदते, म्हणजे गट तीन: मुंबई-कल्याण, कर्जत-लोणावळा आणि एकटे पुणे.

मात्र दोन गटांमधले अंतर मोजताना सर्वांत जवळच्याऐवजी सर्वांत दूरची स्थानके धरली, तर झाड बदलते आणि पुणे ९२ वर कर्जत-लोणावळ्याला जाऊन मिळते. तेव्हा डेंड्रोग्राम हाती आला की जोडणीचा नियम आधी विचारावा.

घनतेवर चालणाऱ्या डीबीस्कॅनचा (१९९६) प्रश्न निराळा असतो: आसपास गर्दी आहे का? समजा, ३० किलोमीटरच्या आत स्वतःला धरून किमान तीन स्थानके हवीत. दादर आणि ठाणे या कसोटीला उतरतात, सीएसएमटी आणि कल्याण त्यांच्या आधाराने गटात येतात. कर्जत, लोणावळा, पुणे यांना गटच मिळत नाही. त्यांच्यावर ‘नॉइज’चा शिक्का बसतो. ३० चे ५० केले, तर कर्जत-लोणावळाही मुंबईच्या गटात ओढले जातात आणि पुणे तेवढे बाहेर राहते. उपनगरांतली दाटी आणि घाटाकडची विरळ वस्ती, दोघींना एकच माप लावले की असे होते.

आता अंतर ३० च ठेवून किमान संख्या तीनऐवजी दोन करून पाहावी. कर्जत-लोणावळ्याचा स्वतंत्र गट होतो, म्हणजे पहिले झाड ३० वर कापल्यावर मिळतात तेच गट. फरक फक्त पुण्याचा: झाडात तो एकट्याचा गट, इथे नॉइज.