पळसाचा रंग : लवकर निघतो, हाच त्याचा गुण

पळसाला पाने तीनच, ही म्हण सगळ्यांना ठाऊक आहे. पण शिमग्याच्या सुमारास त्याच झाडावर तीन पानेही उरलेली नसतात. पाने गळून गेलेल्या फांद्यांवर नुसती केशरी फुले असतात. बिलोली तालुक्यात बांधावर, मुरमाड हलक्या जमिनीत आणि ओढ्याकाठी अशी झाडे फेब्रुवारी-मार्चमध्ये लांबूनच ओळखू येतात. सीमेपलीकडे तेलंगणात आणि इकडच्या तेलुगू बोलणाऱ्या घरांत याच फुलाला ‘मोदुगा’ म्हणतात. बाजारात पुड्या येण्याआधी दोन्हीकडे रंगाची बादली याच फुलांच्या पाण्याने भरत असे.

हा रंग मागे पडण्याचे एक साधे कारण आहे. तो टिकत नाही. दोनदा अंघोळ केली की जातो. बाजारातला ‘पक्का’ रंग चार दिवस नखांत आणि कानामागे राहतो आणि मुलांना त्याचेच कौतुक असते. आरोग्याच्या दृष्टीने मात्र हिशेब उलटा आहे. जो रंग कातडीला घट्ट धरतो, तोच त्रास देण्याची शक्यता जास्त.

याचे कारण रंगाच्या रेणूत आहे. स्वस्त हिरव्या रंगात अनेकदा मॅलाकाइट ग्रीन असते आणि भडक गुलाबीत रोडामाइन बी. ही रंगद्रव्ये लोकर, रेशीम, चामडे, कागद अशा वस्तू रंगवण्यासाठी बनवली गेली. पाण्यात विरघळल्यावर त्यांच्या रेणूंवर धन विद्युतभार असतो. लोकर, रेशीम आणि चामडे ही प्रथिने आहेत आणि त्यांच्यावरच्या ऋण भारांना असे रेणू चिकटून बसतात. माणसाची त्वचा, केस आणि डोळ्याचा पृष्ठभागही प्रथिनांचाच बनलेला आहे. रंगाला लोकर आणि गाल यांतला फरक कळत नाही.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी होळीच्या रंगांमुळे डोळ्यांना होणाऱ्या इजेचा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात मॅलाकाइट ग्रीनवर बोट ठेवले होते. डोळ्याच्या पृष्ठभागावरच्या नाजूक पेशींना ते घातक ठरते. महाराष्ट्रातली आठवण याहून कटू आहे. 2012 च्या धुळवडीला मुंबईत धारावी परिसरात रंग खेळलेल्या शंभराहून अधिक जणांना त्रास झाला. त्यांत बहुतेक मुले होती. उलट्या आणि चक्कर येऊ लागल्याने त्यांना शीवच्या रुग्णालयात न्यावे लागले आणि एका मुलाचा मृत्यू झाला. उद्योगात वापरायचा रंग मुलांच्या हाती पडल्याचा संशय तेव्हा व्यक्त झाला होता.

पळसाचे रंगद्रव्य वेगळ्या जातीचे आहे. फुलातला मुख्य पिवळा पदार्थ म्हणजे आयसोब्युट्रिन. त्याच्या रेणूला साखरेचे दोन तुकडे जोडलेले असतात, म्हणून तो पाण्यात सहज उतरतो आणि पाण्याबरोबरच निघूनही जातो. कापडावर त्याला बसवायचे असेल तर रंगारी आधी कापडाला तुरटीचे पाणी देतात. तुरटीतला ॲल्युमिनियम हा धागा आणि रंग यांच्यामध्ये दुवा होतो. खेळण्याच्या पाण्यात तुरटी घालायची नाही, एवढे पाळले तर पळसाचा बहुतेक रंग साध्या धुण्यात निघतो.

फुले गोळा करण्यासाठी फांद्या मोडाव्या लागत नाहीत. सकाळी झाडाखाली ताज्या फुलांचा सडा असतो, तोच पुरतो. झाडावरची फुले पाखरांना, मधमाश्यांना आणि पुढे बी धरण्यासाठी राहू द्यावीत. रहदारीच्या रस्त्याकडेची धूळ बसलेली फुले नकोत. ज्या शेतात नुकतीच फवारणी झाली आहे, तिथल्या बांधावरचीही नकोत. पांगारा आणि सावर यांची लाल फुलेही याच दिवसांत पडतात. त्यांतून असा रंग उतरत नाही, म्हणून गोळा करताना ती वेगळी काढावीत. पळसाचे फूल पोपटाच्या चोचीसारखे वाकडे असते आणि त्याचा देठाकडचा पेला काळपट, मखमली असतो.

कधी सण मार्चच्या अखेरीस येतो आणि तोवर झाडे रिकामी झालेली असतात. अशा वर्षी फुले आधीच वाळवून ठेवावी लागतात. ती सावलीत, कापडावर एकेरी पसरून वाळवावीत. ढीग घातला तर आतून बुरशी धरते, आणि तसा वास आलेली फुले टाकून द्यावीत. नीट वाळलेल्या फुलांचाही रंग ताज्यापेक्षा थोडा फिका उतरतो, हे लक्षात ठेवावे. वाळताना आयसोब्युट्रिनचा काही भाग हळूहळू ब्युट्रिन या जवळपास रंगहीन पदार्थात बदलतो. रंग फिका दिसला म्हणजे फुले खराब निघाली असे नाही.

आता एका बादलीचा हिशेब. शंभर ग्रॅम वाळलेली फुले आधी थंड पाण्यात एकदा हलवून धूळ काढावी. मग दोन लिटर पाण्यात घालून स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटे उकळावीत. लोखंडी कढई वापरू नये. लोहाशी संयोग होऊन रंग मळकट, काळसर होतो. उकळलेले पाणी फुलांसह रात्रभर झाकून ठेवावे. सकाळी दुहेरी सुती कापडातून गाळावे, कारण फुलांवरची बारीक लव डोळ्यांत गेली तर खुपते. हा झाला अर्क. त्यात तीन लिटर पाणी मिसळले की पाच लिटर केशरट पिवळे पाणी तयार होते. रंग फार फिका वाटला तर पाणी कमी घालावे.

रंग केशरी करण्यासाठी पूर्वी त्यात पानाचा चुना घालत. अल्कलीमध्ये या पिवळ्या रेणूची रचना बदलते आणि तो नारिंगीकडे झुकतो. युक्ती खरी आहे, पण धोकाही इथेच आहे. चुन्याचे पाणी तीव्र अल्कली असते, आणि अल्कली डोळ्यात गेल्यास आत झिरपत जाते. पिचकारीचा नेम बहुतेक वेळा तोंडावरच असतो. चुना किती पडला हे कुणी मोजत नाही आणि न विरघळलेली कणी तळाशी राहतेच. म्हणून लहान मुलांच्या बादलीत चुना घालू नये. पाच लिटरला चमचाभर खाण्याचा सोडा पुरे. त्याचा परिणाम चुन्याइतका ठळक नसतो, पण त्याचे पाणी सौम्य असते. चुना लावलेल्या हळदीच्या लाल रंगालाही हाच नियम लागू पडतो. कपाळावरच्या टिळ्यासाठी ते कुंकू ठीक आहे, पण तोंडावर उधळण्यासाठी नाही.

चुन्याचा खरा उपयोग बादलीत नसून वाटीत आहे. ‘नैसर्गिक’ असे लिहिलेला केशरी-पिवळा रंग बाजारातून आणला तर तो घरीच पारखता येतो. दोन पांढऱ्या वाट्यांत त्याचे थोडे पाणी घ्यावे. एकीत चुन्याची निवळी थेंबभर घालावी, दुसरी तशीच ठेवावी. पळस असेल तर पिवळ्याचा रंग स्पष्टपणे नारिंगीकडे सरकतो. हळद असेल तर विटकरी लाल होतो. नंतर त्याच वाटीत लिंबू पिळले की रंग पुन्हा पिवळ्याकडे येतो. दोन्हीकडे काहीच बदल झाला नाही, तर पुडीत दुसरे काहीतरी आहे असे समजावे.

गुलाबी रंगासाठी आणखी एक खूण आहे. चिमूटभर रंग काचेच्या पेल्यात विरघळवून उन्हात धरावा आणि बाजूने पाहावे. गुलाबी पाण्यात केशरी चमक पेटल्यासारखी दिसली तर त्यात रोडामाइन असण्याची दाट शक्यता आहे. बीट किंवा जास्वंदीच्या पाण्याला अशी चमक नसते.

या परीक्षांची मर्यादाही आहे. हळदीत किंवा पळसाच्या भुकटीत थोडा कृत्रिम रंग मिसळलेला असेल तर वाटीतला रंग बदलतो आणि भेसळ मात्र दिसत नाही. परीक्षेत नापास झालेला रंग टाकून द्यावा. पण पास झालेला रंग शुद्धच आहे, असे म्हणता येत नाही. खात्री हवी असेल तर झाडाखालचे फूल आणि घरचे पातेले हाच मार्ग उरतो.

घरी केलेल्या रंगालाही काही पथ्ये आहेत. पळसाच्या पाण्यात फुलांतली साखर उतरलेली असते. मार्चच्या उन्हात ते दुसऱ्या दिवशीच आंबू लागते. फेस आला किंवा आंबूस वास सुटला तर ते झाडाच्या आळ्यात ओतावे, अंगावर घेऊ नये. म्हणून उकळणे आदल्या रात्रीचेच असावे. धुळवडीचे उरलेले पाणी रंगपंचमीसाठी राखून ठेवू नये. वनस्पतीचीही ॲलर्जी कुणाला तरी असू शकते. आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा अर्क लावून ठेवावा. खाज किंवा लाली आली तर त्या व्यक्तीने रंगापासून दूर राहावे.

पळसातून हिरवा किंवा निळा रंग मिळत नाही, हेही मुलांना आधीच सांगितलेले बरे. पालकाच्या पाण्याने हिरवट छटा येते, पण ती मळकट असते. बाजारातल्या हिरव्याची चकाकी तिला नाही. लख्ख हिरवे पाणी दिसले की ते पानाचे नाही, एवढी शंका घ्यायला हरकत नसते.

खेळताना कोणताही रंग डोळ्यात गेला तर चोळू नये. पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटे धुवत राहावे. चुना किंवा अनोळखी पक्का रंग असेल तर धुऊन झाल्यावर जळजळ थांबली तरी त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावे. रंग खेळून आलेल्या मुलाचे ओठ निळसर दिसले, लघवी लाल-काळसर झाली किंवा उलट्या थांबेनात, तर अंघोळीत वेळ न घालवता रुग्णालय गाठावे आणि रंगाची उरलेली पुडी सोबत न्यावी. पुडी समोर असली की डॉक्टरांचा अंदाज बांधण्यात जाणारा वेळ वाचतो.