चलन भरलं, पण लायसनचं काय?

आपल्याकडे ‘पावती फाडली’ म्हणजे विषय संपला असं समजतात. ट्रॅफिक हवालदाराने गाडी अडवली, मशीनवर नंबर टाकून फोटो काढला, मोबाइलवर चलनाचा मेसेज आला, पैसे भरले, घरी आलो. काही गुन्ह्यांत मात्र कायदा तिथे थांबत नाही, दंड भरल्यानंतर लायसनचा प्रश्न वेगळाच उरतो. बारावी झालेली मुलं लर्निंग लायसनच्या परीक्षेची तयारी करायला आमच्याकडे येतात, तेव्हा सगळ्यात जास्त चुका याच जागी होतात. म्हणून हा भाग जरा सविस्तर सांगतो.

आधी तीन शब्द नीट समजून घेऊ. उर्दू माध्यमातून शिकलेल्या मुलांना चिन्हं पाठ असतात, मात्र परीक्षेतली कायद्याची मराठी वाचताना ती अडखळतात. ‘निलंबन’ म्हणजे मुअत्तली. लायसन ठरावीक काळ बंद राहतं, मुदत संपली की परत मिळतं. ‘रद्द’ म्हणजे मन्सूख, लायसन गेलंच. आणि ‘तडजोड शुल्क’ म्हणजे आपण ज्याला चलन म्हणतो ती रक्कम. कोर्टात न जाता गुन्हा मिटवण्यासाठी भरायचे पैसे. कायद्यात ‘अनर्ह’ असाही शब्द येतो. त्याचा अर्थ लायसन बाळगायला किंवा नवं काढायला अपात्र.

आता एक उदाहरण घेऊ. माणसं काल्पनिक आहेत, पण असा प्रसंग आपल्या गल्लीत कुणावरही येऊ शकतो. तेवीस वर्षांचा एक तरुण धाराशिवहून तुळजापूरकडे निघाला आहे. मोटारसायकल वडिलांच्या नावावर, मागे दोन मित्र, हेल्मेट कुणाकडेच नाही. लायसन पक्कं आहे आणि त्याच कार्डावर चारचाकीचीही नोंद आहे, कारण पोरगा दिवसा टेम्पो चालवून घर चालवतो. रस्त्यात त्याला पोलीस थांबवतात.

दुचाकीवर तिघं बसणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 194सी खालचा गुन्हा आहे. त्याचे 1000 रुपये. हेल्मेट नसणं कलम 194डी खाली येतं. केंद्राच्या कायद्यात त्याला 1000 रुपये दंड लिहिला आहे, महाराष्ट्रात डिसेंबर 2021 मध्ये जी तडजोड शुल्काची यादी निघाली तिच्यात 500 रुपये ठेवले. म्हणजे कमीत कमी 1500 रुपये. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं, ते आपण अजून मनावर घेतलेलं नाही. पोरगा पैसे भरतो आणि सुटलो म्हणतो.

पण या दोन्ही कलमांत दंडापुढे आणखी एक वाक्य आहे. चालवणारा तीन महिने लायसन बाळगायला अनर्ह ठरेल, असं ते वाक्य. 2019 च्या दुरुस्तीने ते आलं आणि ती दुरुस्ती 1 सप्टेंबर 2019 पासून लागू झाली. त्याच दुरुस्तीने कलम 206 मध्येही भर घातली. अतिवेग, धोकादायक चालवणं, दारू पिऊन चालवणं, रस्त्यावर शर्यत लावणं, ट्रिपल सीट, हेल्मेट नसणं, ॲम्ब्युलन्सला वाट न देणं, अशा गुन्ह्यांत पोलिसाने लायसन ताब्यात घेऊन आरटीओकडे पाठवायचं आहे. चालवताना हातात मोबाइल धरणं हे धोकादायक चालवण्यातच मोडतं.

‘मी तर पैसे भरले!’ असं आपला पोरगा म्हणेल. त्याचं उत्तर कलम 200 मध्ये आहे. तडजोड शुल्क भरलं की त्या गुन्ह्याचा खटला चालत नाही, हे खरं. पण तिथेच दोन अटी जोडल्या आहेत. पैसे भरून मिटवलेला गुन्हासुद्धा ‘आधी केलेला गुन्हा’ म्हणून धरला जाईल, ही पहिली. दुसरी म्हणजे पैसे भरले म्हणून लायसनवरच्या कारवाईतून सुटका होणार नाही. आमच्या मते या सगळ्या प्रकरणात वाचण्यासारखं जर काही असेल, तर ते हे कलम.

लायसन ताब्यात घेतलं तर पोलिसाने त्याची पोच द्यायची असते. ती पोच दाखवून गाडी चालवता येते असा समज फार पक्का आहे. जुन्या लोकांचा तर अनुभवच तसा असतो, कारण इतर काही कारणांनी लायसन जप्त झालं तर पोचेवर चालवायची मुभा असते. या गुन्ह्यांत मात्र कायदा उलट सांगतो, लायसन परत मिळेपर्यंत ही पोच चालवण्याचा परवाना नाही. आपल्या पोराचा टेम्पो त्याच दिवशी उभा राहिला.

पुढचं काम आरटीओचं. आपल्या जिल्ह्यात, म्हणजे एमएच-25 मध्ये, ते धाराशिवच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात होतं. कलम 19 प्रमाणे तिथल्या अधिकाऱ्याने आधी लायसनधारकाचं म्हणणं ऐकून घ्यायचं आहे. नोटीस आली की बरेच लोक घाबरून जातच नाहीत, आणि नुकसान इथेच होतं. म्हणणं पटलं तर अधिकारी सोडूनही देऊ शकतो. नाही पटलं तर कारणं लेखी नोंदवून आदेश काढतो: पहिल्या वेळी तीन महिने निलंबन, दुसऱ्यांदा किंवा पुढे लायसन रद्द. ती पहिली अट इथे आडवी येते, कारण मागच्या वेळी 1000 रुपये देऊन मिटवलेली ट्रिपल सीट आता पहिला गुन्हा म्हणून मोजली जाते.

सुनावणीला जाताना आपल्या पोराने दोन गोष्टी लिहून न्याव्यात. एक, त्या वेळी नक्की काय घडलं. दुसरी, टेम्पोवर घर चालतं, तेव्हा निलंबन करायचंच असेल तर ते दुचाकीपुरतं ठेवावं ही विनंती. ती मान्य होईलच असं नाही, पण लेखी दिलेली बरी. लायसनचं कार्ड एकच असतं, त्यामुळे दुचाकीवरच्या चुकीचा घाव टेम्पोच्या रोजीवर बसू शकतो. आदेश मान्य नसेल तर तो मिळाल्यापासून 30 दिवसांत अपील करता येतं.

या तीन महिन्यांत गाडी चालवताना सापडला तर तो वेगळा गुन्हा आहे. कलम 182 खाली तीन महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. त्यात अपघात झाला तर विमा कंपनी ‘चालक अनर्ह होता’ म्हणून हात वर करायला बघते आणि भरपाईची रक्कम घरावर येते. शिवाय मुदत संपली म्हणून लायसन आपोआप हातात येत नाही. चालकांचा उजळणी अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो, मगच ते परत मिळतं.

हे सगळं प्रत्येक वेळी होतंच असं नाही. बहुतेक वेळा फोटो, चलन आणि ‘जा’ एवढंच होतं. कॅमेऱ्याने काढलेल्या चलनात तर फक्त नंबर प्लेट दिसते, म्हणून मेसेज गाडीमालकाला, आपल्या उदाहरणात वडिलांना, जातो. चालवणारा कोण होता हे विचारलं तर सांगणं मालकावर बंधनकारक आहे. चलन बघायचं असेल तर mahatrafficechallan.gov.in ही साइट स्वतः उघडावी. व्हॉट्सॲपवर चलनाच्या नावाने एखादी फाइल आली तर ती उघडू नये, त्यातून खाती रिकामी होतात.

आता पॉइंटांचं बघू. मुलं विचारतात, ‘सर, किती पॉइंट झाले की लायसन जातं?’ हा प्रश्न बहुतेक दुबईहून आलेल्या मामा-चाचांमुळे पडतो. तिकडे खरंच तसं आहे. संयुक्त अरब अमिरातीत ‘ब्लॅक पॉइंट’ मोजतात आणि ते 24 झाले की लायसन निलंबित होतं. एकदा लाल सिग्नल तोडला की 1000 दिरहम दंड, 12 पॉइंट आणि गाडी 30 दिवस जप्त. म्हणजे दोन सिग्नलमध्ये खेळ खलास. ब्रिटनमध्ये तीन वर्षांत 12 पॉइंटांची मर्यादा आहे. आपल्या मोटार वाहन कायद्यात असा गुणांचा तक्ता नाही. इथे गुन्ह्याचा प्रकार आणि तो कितव्यांदा झाला, हे बघतात. मोबाइलवरच्या काही सराव ॲपमध्ये परदेशी प्रश्न मिसळलेले असतात. त्यात पॉइंटांचा प्रश्न दिसला तर तो सोडून पुढे जावं.

परीक्षेत हे कसं येतं? लर्निंगच्या परीक्षेत 15 प्रश्न असतात, त्यातले 9 बरोबर यावे लागतात. भाषा मराठी, हिंदी किंवा इंग्रजी. रुपयांचे आकडे पाठ करून येणाऱ्या मुलांना आम्ही थांबवतो, कारण प्रश्न बहुधा रकमेचा नसतो, परिणामाचा असतो. नमुना बघा. ‘अतिवेगाने वाहन चालवणे हा’, आणि पर्याय: गुन्हा नाही, फक्त दंडाचा गुन्हा, लायसन निलंबित किंवा रद्द होऊ शकेल असा गुन्हा. दहातली सहा-सात मुलं दुसऱ्या पर्यायावर बोट ठेवतात, कारण घरात त्यांनी फक्त पावती पाहिलेली असते. बरोबर उत्तर तिसरं. मोबाइलवर बोलत चालवण्याचा प्रश्नही याच चालीचा. पर्यायात ‘फक्त’ हा शब्द दिसला की थांबून पुन्हा वाचायचं, एवढं आम्ही मुलांच्या वहीत लिहूनच देतो.

दारूच्या प्रश्नात ‘खासगी वाहनात चालते’, ‘रात्री चालते’ असे पर्याय टाकलेले असतात. उत्तर एकच, सर्व वाहनांत मनाई. हा गुन्हा रस्त्यावर पैसे भरून मिटत नाही, कोर्टात जावं लागतं.

राहिला वयाचा प्रश्न, तो परीक्षेत हमखास येतो. गिअरच्या मोटारसायकलला 18 वर्षं पूर्ण, मालवाहू किंवा प्रवासी वाहतुकीच्या गाडीला 20. लर्निंग लायसन सहा महिने चालतं, पक्क्यासाठी 30 दिवसांनंतर अर्ज करता येतो. वरच्या उदाहरणातली गाडी उद्या धाकट्या सतरा वर्षांच्या भावाने नेली आणि त्याच्या हातून गुन्हा घडला, तर कलम 199ए लागतं. पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी 12 महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या 25 वर्षांपर्यंत लर्निंगसुद्धा नाही. आपल्या माहितीविना गाडी नेली किंवा आपण अडवण्याचा पुरेसा प्रयत्न केला, हे सिद्ध करण्याची जबाबदारी वडिलांवर असते. किल्ली दाराजवळच्या खिळ्याला लटकत असेल, तर ते सिद्ध करणं अवघड जातं.