बैठकीआधीची मेल

पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत एका पतसंस्थेचा डेटा नव्या सिस्टिमवर नेण्याचं काम चालू होतं. मे महिन्यातल्या एका शनिवारी रात्री बदल सुरू झाला. रविवारी दुपारी ठेवींवरच्या व्याजाचे आकडे जुळेनात म्हणून टीम जुन्या सिस्टिमवर परत गेली आणि पुढे ग्राहकाने प्रकल्पच थांबवला. मग आढावा बैठक ठरली. ती चालवायला दुसऱ्या विभागातून मला बोलावलं होतं.

प्रकल्प व्यवस्थापकांनी निमंत्रणाचा मसुदा दाखवला. विषय होता, ‘प्रकल्प अपयशाची कारणमीमांसा – उपस्थिती अनिवार्य’. आत एक वाक्य होतं, ‘पडताळणी वेळेत का झाली नाही, याचं उत्तर संबंधितांनी तयार ठेवावं.’ सीसीमध्ये विभागप्रमुख. माणूस चांगला, हेतूही चांगला. पण अशी मेल आली की लोक घडलेलं आठवत बसत नाहीत. आपण कुठे कुणाला काय कळवलं होतं, त्याचे स्क्रीनशॉट शोधायला लागतात आणि बैठकीत प्रत्येकजण आपापली फाइल घेऊन येतो.

दोष न देता आढावा घ्यायची पद्धत सॉफ्टवेअरमध्ये नवी नाही. नॉर्म कर्थ यांचं प्रकल्प-आढाव्यांवरचं पुस्तक २००१चं आहे. २०१२ साली एट्सी कंपनीतल्या जॉन ऑलस्पॉ यांनी या पद्धतीवर लिहिलेला लेख आजही वाचला जातो. पण दोष द्यायचा नाही हे बैठकीत सांगून उपयोग नसतो. तोवर माणसं सावध होऊन बसलेली असतात. ते निमंत्रणातच कळावं लागतं.

म्हणून मेल लिहिण्याआधी आम्ही विभागप्रमुखांकडे गेलो. या बैठकीतलं काहीही अप्रेझलमध्ये वापरलं जाणार नाही, हा शब्द त्यांच्याकडून घेतला. हा शब्द मिळाला नसता तर मी ते वाक्य मेलमध्ये घातलंच नसतं. एकदा दिलेलं आश्वासन मोडलं तर त्या टीमकडून पुन्हा खरं ऐकायला मिळत नाही. ग्राहकाशी करारावरून चाललेली बोलणी वेगळी होती, त्यांची हमी आम्ही देऊ शकत नव्हतो. तेही मेलमध्ये स्पष्ट लिहिलं.

मग सुरुवात अशी झाली: ‘नमस्कार मंडळी, आपला प्रकल्प थांबला. रविवारी आपण जुन्या सिस्टिमवर परत गेलो, त्यामुळे सोमवारी शाखा उघडल्या. नवी सिस्टिम मात्र सुरू झाली नाही.’ अपयशाला ‘शिकण्याची संधी’ म्हणायचं नाही, यावर मी अडून बसलो. ज्यांनी रात्र जागून काढली त्यांना तो शब्द खोटा वाटतो, आणि पहिलंच वाक्य खोटं वाटलं तर पुढची हमी कोण खरी मानणार?

‘का’ काढून टाकला. का केलंस विचारलं की माणूस समर्थन करायला लागतो. त्याऐवजी लिहिलं: ‘बुधवार संध्याकाळपर्यंत प्रत्येकाने थोडक्यात लिहून पाठवावं. त्या वेळी स्क्रीनवर काय दिसत होतं, काय माहीत होतं, त्यावरून काय ठरवलं. आज जे कळलंय ते तूर्त बाजूला ठेवूया.’ हे शेवटचं वाक्य मला फार गरजेचं वाटतं. निकाल कळल्यावर तो आधीच दिसत होता असं माणसाला वाटू लागतं, हे बारूक फिशहॉफ यांनी १९७५ साली प्रयोगांतून दाखवलं आहे. ‘तपासायला हवं होतं’ असं म्हणणारा बहुतेक वेळा आजच्या माहितीवर बोलत असतो.

नावं गाळली तरी एक अडचण राहिली. एवढ्याशा टीममध्ये ‘पडताळणीची स्क्रिप्ट चालवणारी व्यक्ती’ म्हटलं की सगळ्यांना कळतं. म्हणून भूमिकाही काढली आणि ‘पडताळणीचा अहवाल आला तेव्हा’ एवढंच ठेवलं. स्क्रिप्ट चालवणाऱ्या मुलाला व्यवस्थापकांनी मेल पाठवण्याआधी स्वतः फोन केला, “अरे, मेल येईल. तुझ्यावर काही नाहीये. तू जे पाहिलंस ते आम्हाला हवंय.”

बुधवारी त्याचंच टिपण सगळ्यात आधी आलं. बदलाची रंगीत तालीम ३१ मार्चच्या डेटावर झाली होती. या संस्थेत ठेवींचं व्याज तिमाहीअखेर जमा होतं, म्हणून त्या दिवशी ‘देय पण जमा न झालेलं व्याज’ हा रकाना सगळीकडे शून्य होता. तो नव्या सिस्टिममध्ये उतरतच नव्हता, पण शून्याला शून्य जुळलं. मे महिन्यात त्यात खऱ्या रकमा होत्या. शनिवारी रात्री त्याने ग्रुपवर विचारलंही होतं, ‘हा रकाना रिकामा येतोय, चालेल का?’ उत्तर आलं होतं, ‘तालमीत जुळलं होतं.’

ते उत्तर ज्याने दिलं होतं, त्याचं टिपण तासाभराने आलं. त्याने तालमीच्या अहवालातली ती ओळ जोडली होती आणि खाली लिहिलं होतं की तालमीसाठी मार्चअखेर निवडली, कारण ताळेबंद तयार असल्याने आकडे पडताळणं सोपं होतं. गुरुवारी बैठकीत चर्चा तिथूनच सुरू झाली: तालमीची तारीख कोण ठरवतं, आणि कशावरून.