चिठ्ठीवरचं ‘बीडी’

आंजी (मोठी)च्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा सेवाग्रामच्या दवाखान्यातून आणलेल्या चिठ्ठीवर गोळीपुढे ‘बीडी’ (दिवसातून दोनदा) लिहिलेलं असतं. म्हणजे गाईची धार काढतात तसं सकाळ-संध्याकाळ, साधारण बारा तासांनी. ‘1-0-1’ लिहिलं तरी अर्थ तोच. मधलं शून्य दुपारचं. बरेचजण मात्र न्याहारीनंतर आणि दुपारच्या जेवणानंतर गोळी घेऊन मोकळे होतात. मग दोन मात्रा जवळ येतात आणि पहाटेपर्यंत औषधाचा असर उतरतो.

घाईच्या अक्षरात ‘ओडी’ (दिवसातून एकदा) आणि ‘बीडी’ सारखेच दिसतात. तिथे अंदाज नको, फार्मासिस्टलाच विचारावं. संधिवातावरची मेथोट्रेक्झेट तर बहुधा आठवड्यातून एकदाच असते. रोज घेतली तर रक्तपेशी घटून जिवावर बेतू शकतं. चिठ्ठीवर वार नसेल, तर फार्मासिस्टने डॉक्टरांना फोन करून खात्री केल्याशिवाय ती सुरू करू नये.