पाच चौकटी आणि पूर्वमाहितीचे वजन

सावंतवाडी तालुक्यातील आंबोलीच्या जांभ्या सड्यावर मृगाच्या सरी कोसळू लागल्या की सुट्या दगडांच्या आडोशातून बाहेर पडून उथळ डबक्यांपाशी जमणारा जो लहानसा भेक, त्याला प्राणिशास्त्रज्ञांनी २००९ साली ‘झँथोफ्रायन टायगरिना’ या नावाने स्वतंत्र जाती म्हणून नोंदविले. अत्यल्प प्रदेशापुरत्या मर्यादित अशा प्राण्याची खानेसुमारी माणसांप्रमाणे घरोघर फिरून होत नाही. सड्यावर ठराविक मापाच्या चौकटी आखावयाच्या, प्रत्येक चौकटीतील दगड उलथून पाहावयाचे, सापडलेले भेक मोजावयाचे आणि त्या तुटपुंज्या मोजदादीवरून सबंध सड्याविषयी अदमास बांधावयाचा, एवढाच मार्ग अभ्यासकाला मोकळा असतो. हा अदमास कसा बांधावा याविषयी संख्याशास्त्रात दोन पंथ आहेत. त्यांच्यातील भेद नेमका कोठे आहे, हे एका लहानशा कल्पित उदाहरणावरून स्पष्ट होईल.

समजा, एका विद्यार्थिनीने प्रत्येकी १०० चौरस मीटरच्या पाच चौकटी तपासल्या आणि त्यांत अनुक्रमे ०, १, ०, २ आणि ० भेक आढळले. एकूण भेक तीन, म्हणजे दर चौकटीस सरासरी ०.६. भेक परस्परांपासून स्वतंत्रपणे विखुरलेले आहेत असे गृहीत धरल्यास या गणनेला पॉयसाँ वितरण लागू पडते आणि वारंवारितावादी पंथाचा अंदाज तोच, ०.६, येतो. परंतु या अंदाजाभोवती अनिश्चिततेची मर्यादा आखू लागताच पहिली अडचण उभी राहते. पाठ्यपुस्तकातील सोपे सूत्र, म्हणजे सरासरीच्या दोन्ही बाजूंना प्रमाण त्रुटीच्या १.९६ पट अंतर, वापरले तर खालची मर्यादा उणे ०.०८ निघते, आणि उणे भेक कोणत्याही सड्यावर राहात नाहीत. अल्प गणनेसाठी पॉयसाँ वितरणावरूनच काढलेली काटेकोर मर्यादा घेतली, तर ९५ टक्क्यांचा विश्वास अंतराल ०.१२ ते १.७५ असा येतो.

या अंतरालाचा अर्थ मात्र जपून घ्यावयास हवा. १९३७ साली नेमन याने ही कल्पना मांडली तेव्हा त्याचा रोख पद्धतीच्या विश्वासार्हतेवर होता: अशीच पाहणी पुनःपुन्हा केली आणि दर वेळी असाच अंतराल काढला, तर त्यांपैकी निदान ९५ टक्के अंतराल खऱ्या घनतेला सामावून घेतील. हाती आलेल्या या एकाच अंतरालात खरी घनता असण्याची संभाव्यता ९५ टक्के आहे, असे म्हणण्याची मुभा या पंथात नाही. कारण तेथे खरी घनता ही अज्ञात पण अचल राशी आहे, आणि बदलतो तो केवळ नमुना.

दुसरा पंथ थॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाच्या नावाने चालतो. त्याचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर रिचर्ड प्राइस याने १७६३ साली प्रसिद्ध करविला. या पंथात अज्ञात घनतेविषयीचे आपले ज्ञान संभाव्यतेच्या भाषेतच मांडले जाते आणि नव्या गणनेने ते सुधारले जाते. जमाखर्चाच्या नव्या वहीत मागील बाकी पुढे ओढूनच पहिली नोंद करावी, तसा हा प्रकार. प्रश्न उरतो तो असा, की मागील बाकी किती धरावयाची?

येथेच विद्यार्थ्यांची फसगत होते. समजा, शेजारच्या निरनिराळ्या सड्यांवर पूर्वी एकूण ४० चौकटी तपासलेल्या होत्या आणि त्यांत ६० भेक आढळले होते, म्हणजे सरासरी १.५. ही सारी बेरीज जशीच्या तशी पूर्वमाहिती म्हणून घेतली, तर नव्या तीन भेकांची आणि पाच चौकटींची तीत भर पडून ४५ चौकटींत ६३ भेक, म्हणजे सरासरी १.४, असे उत्तर निघेल; आणि विद्यार्थिनीचे पावसातील सारे श्रम जवळजवळ व्यर्थ ठरतील. या हिशेबात, नवा सडा आणि जुने सडे यांची घनता एकच आहे, असे एक न बोललेले गृहीत दडलेले आहे. वास्तविक सड्यासड्यांत फरक असतो आणि पूर्वमाहितीचे वजन त्या फरकावरूनच ठरले पाहिजे. समजा, नमुन्यातील योगायोगाचा भाग वजा जाता सड्यांच्या घनतांमधील प्रचरण ०.७५ भरले. पूर्वज्ञान गॅमा वितरणाने मांडावयाचे तर सरासरीला प्रचरणाने भागावे, म्हणजे १.५ भागिले ०.७५, उत्तर दोन. याचा अर्थ असा की जुन्या ४० चौकटींचे मोल, नव्या सड्यापुरते, अवघ्या दोन चौकटींइतके आहे. दोन चौकटी आणि तीन भेक, एवढीच मागील बाकी.

आता पुढील हिशेब तोंडी होण्यासारखा आहे. भेक तीन अधिक तीन, म्हणजे सहा. चौकटी दोन अधिक पाच, म्हणजे सात. सुधारलेली सरासरी सहा सप्तमांश, सुमारे ०.८६. हे उत्तर ०.६ आणि १.५ यांच्या मध्ये पडते, आणि पाच विरुद्ध दोन या वजनांमुळे नव्या गणनेच्या अधिक जवळ राहते. ९५ टक्क्यांचा संभाव्यता अंतराल ०.३१ ते १.६७ असा, आधीच्यापेक्षा अरुंद, येतो. आणि गृहीते मान्य केली तर खरी घनता त्यात असण्याची संभाव्यता ९५ टक्के आहे, असे येथे सरळ म्हणता येते. वनखात्याने विचारले, की घनता दर चौकटीस अर्ध्या भेकाहून कमी असण्याची शक्यता किती, तर त्यालाही थेट उत्तर आहे: सुमारे १४ टक्के.

पूर्वमाहिती जवळपास शून्य वजनाची घेतली, तर अंदाज पुन्हा ०.६ वर येतो आणि अंतराल ०.१२ ते १.४४ होतो; तसेच चौकटी पाचाऐवजी ५० तपासल्या आणि ३० भेक आढळले, तर दोन चौकटींची मागील बाकी धरूनही उत्तर ०.६३ निघते. सारांश, दोन पंथांतील तफावत जाणवते ती पुरावा अल्प आणि पूर्वमाहिती वजनदार असताना. म्हणून पूर्वमाहिती नव्या गणनेशी विसंगत तर नाही ना, हे आधी तपासावे. दोन चौकटींची पूर्वमाहिती खरी मानल्यास पाच चौकटींत तीन किंवा त्याहून कमी भेक आढळण्याची शक्यता २३ टक्के येते, म्हणजे काही वावगे नाही. ४० चौकटींचे पूर्ण वजन दिल्यास तीच शक्यता सात टक्क्यांवर घसरते, आणि ही धोक्याची सूचना समजावी.

दोन उणिवा मात्र कोणत्याही पंथाने झाकल्या जात नाहीत. दगडाखालचा प्रत्येक भेक दिसतोच असे नाही. निम्मेच दिसत असतील तर दोन्ही उत्तरे खऱ्या घनतेच्या निम्म्याच्या आसपास राहतील. त्यासाठी त्याच चौकटींना पुनःपुन्हा भेटी देऊन, दिसण्याची संभाव्यता वेगळी काढण्याची जी रीत रॉयल याने २००४ साली मांडली, तिच्यासारखी रीत वापरावी लागते. दुसरे असे, की भेक डबक्यांभोवती घोळक्याने जमत असतील तर प्रचरण सरासरीहून बरेच वाढते, पॉयसाँचे गृहीत ढासळते आणि दोन्ही अंतराल फसवे अरुंद ठरतात; पाच चौकटींवरून हे ओळखणे कठीण, म्हणून चौकटी वाढविणे हाच उपाय.

प्रबंध लिहिणाऱ्याने पंथ कोणताही धरावा. पण बेझियन उत्तर देताना पूर्वमाहिती कोठून घेतली, तिचे वजन किती चौकटींइतके धरले आणि ते वजन काढून टाकल्यास उत्तर कितपत बदलते, हा तपशील निष्कर्षाच्या शेजारीच द्यावा. प्रस्तुत उदाहरणात ०.८६ आणि ०.६ यांच्यातील अंतर पाहून परीक्षकाला लगेच कळेल, की यातील किती भाग नव्या सड्यावरच्या भेकांनी सांगितला आणि किती शेजारच्या सड्यांनी.