पाण्याची टाकी गर्डरच्या मध्ये ठेवायची की भिंतीजवळ?

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. अशा शहरात घरावर मोठी टाकी असणं म्हणजे हौस नाही, गरज. आता समजा, दोन भिंतींवर नुसते टेकवलेले दोन लोखंडी गर्डर आहेत आणि त्यांवर हजार लिटरची टाकी ठेवायची आहे. भिंतींमधलं अंतर ४ मीटर. टाकी भरली की साधारण १००० किलो, म्हणजे प्रत्येक गर्डरवर ५०० किलो, अंदाजे ५ किलोन्यूटन. सोपं जावं म्हणून हे वजन एकाच बिंदूवर आहे असं धरू आणि गर्डरचं स्वतःचं वजन सोडून देऊ.

टाकी डाव्या भिंतीपासून १ मीटरवर ठेवली, तर जवळची भिंत जास्त भार घेते: ५ × ३ ÷ ४ = ३.७५ किलोन्यूटन. उरलेले १.२५ उजव्या भिंतीवर.

आता शिअर फोर्सची आकृती. डावीकडून सुरुवात करा. भिंत वर ढकलते म्हणून रेघ थेट ३.७५ वर जाते आणि टाकीपर्यंत आडवी राहते. टाकीखाली ती बरोबर ५ ने खाली पडते, म्हणजे −१.२५. तिथून पुन्हा आडवी, आणि उजव्या भिंतीवर १.२५ वर चढून शून्यावर येते. नांदेडला शिकताना परीक्षेत माझी रेघ शून्यावर आलीच नाही. रिअ‍ॅक्शन चुकली होती, आणि मी तशीच पुढची आकृती काढली. त्यामुळे शून्य तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

बेंडिंग मोमेंट म्हणजे त्या शिअरच्या आकृतीचं साठत जाणारं क्षेत्रफळ. टाकीपर्यंत ३.७५ × १ = ३.७५ किलोन्यूटन-मीटर. उजवीकडून मोजलं तरी १.२५ × ३ = ३.७५. दोन्ही बाजूंनी उत्तर जुळलं, म्हणजे बरोबर. आकृती त्रिकोणी येते आणि तिचं टोक टाकीखाली असतं, गर्डरच्या मध्यावर नाही. शिअर जिथे शून्य ओलांडतो, मोमेंट तिथेच सगळ्यात जास्त.

सूत्र असं (a आणि b म्हणजे भारापासून दोन्ही भिंतींचं अंतर):

```
M = P * a * b / L
```

हीच टाकी मध्यावर ठेवली तर? M = ५ × २ × २ ÷ ४ = ५. म्हणजे भिंतीकडे सरकवल्याने वाकवणारा जोर पाव भागाने कमी झाला. पण फुकट नाही! मध्यावर असताना प्रत्येक भिंतीवर २.५ येत होते, आता डावीकडे ३.७५ आले. गर्डर कमी वाकेल, पण त्याच्या टोकाखालची वीट जास्त दाबली जाईल. म्हणून टोकाखाली काँक्रीटचा ठोकळा देतात.

मध्ये झोळ दिसला तर शंका मोमेंटवर घ्या. टोकाखाली वीट भुगा होत असेल, तर भिंतीवर येणाऱ्या भारावर.

हा हिशोब नुसत्या टेकवलेल्या गर्डरचा आहे. स्लॅबमध्ये पक्क्या ओतलेल्या बीमला तो लागू पडत नाही.